४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर जुने फोटो मोठे करताना टाइल किती ठेवावी?

नॅरोगेज_नागपूर

नमस्कार मंडळी. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज चालू होती तेव्हाचे इतवारी, सावनेर आणि मोतीबागचे बरेच फोटो माझ्याकडे आहेत. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले, सगळे १६०० बाय १२०० चे जेपेग. त्यांचे मोठे प्रिंट काढायचे आहेत, म्हणून रिअल-ईएसआरगॅनने चौपट करून बघतोय. मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे, कार्ड जीटीएक्स १६५०, मेमरी ४ जीबी, विंडोज.

पहिल्यांदा साधी कमांड दिली:

```
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i itwari -o out
```

लगेच `CUDA out of memory`. मग `--tile 400` लावलं. एरर गेली, पण फोटो पूर्ण काळे आले. एका जुन्या धाग्यात वाचून `--fp32` जोडलं, तेव्हा फोटो नीट आला. पण एका फोटोला पाच मिनिटांच्या वर वेळ लागतोय आणि तेवढ्या वेळात मशीनवर दुसरं काही करता येत नाही. फोटो शेकड्यांनी आहेत. टाइल वाढवली तर वेग वाढेल असं वाटतं, पण मेमरी पुरत नाही. नेमका आकडा काय ठेवावा?

---

धरमपेठ_पीसी

भाऊ, सरळ रॅम ३२ करून टाका. कार्डाची मेमरी संपली की विंडोज रॅममधली जागा देते, टास्क मॅनेजरमध्ये `Shared GPU memory` म्हणून दिसते ती. रॅम जास्त तर ती जागा जास्त, मग टाइल कितीही ठेवा.

आणि पायथॉनच्या भानगडीत पडूच नका. `realesrgan-ncnn-vulkan` ची तयार एक्सई मिळते, ती वापरा. माझ्याकडेही १६५० च आहे. तुमच्याएवढाच फोटो काही सेकंदांत होतो, टाइलबिइल काही न देता.

---

पिक्सेलताई

धरमपेठ म्हणतात तशी विंडोज रॅममधली जागा देते हे खरं आहे, पण तुमची पाच मिनिटं तिथेच जातायत. कार्डावरची मेमरी आणि रॅम यांच्यामध्ये पीसीआय-एक्सप्रेसचा रस्ता आहे आणि तो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद आहे. प्रत्येक थराचा हिशेब त्या रस्त्याने ये-जा करायला लागला की कार्ड नुसतं वाट बघत बसतं. रॅम ३२ केली तर अजून मोठी टाइल तशीच रखडत चालेल, एवढाच फरक पडेल.

हे ओळखायचं कसं ते सांगते. फोटो चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू उघडा. `Dedicated` चा आलेख छताला टेकलेला आणि `Shared` चा आलेख चढत गेलेला दिसला तर मेमरी सांडतेय. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `CUDA - Sysmem Fallback Policy` अशी सेटिंग आहे, ती `Prefer No Sysmem Fallback` करून ठेवा. मग जागा संपली की काम रेंगाळण्याऐवजी सरळ एरर येईल. टाइल शोधताना एरर आलेली परवडते, कारण आकडा मोठा झाला हे तिथल्या तिथे कळतं.

आता मेमरी कुठे जाते ते तुमच्याच फोटोवर बघू. `RealESRGAN_x4plus` चं वजन फक्त ६४ एमबी आहे, म्हणजे मॉडेल जड नाही. जड आहेत ते त्याचे शेवटचे थर. हे मॉडेल बराच वेळ मूळ आकारातच काम करतं, मग चित्र दुप्पट करतं, मग चौपट, आणि चौपट झाल्यावरही एक-दोन थर ६४ चॅनेल घेऊन चालतात. तुमचा फोटो चौपट झाला की ६४०० बाय ४८००, म्हणजे सुमारे ३ कोटी ७ लाख पिक्सेल. गुणिले ६४ चॅनेल, गुणिले २ बाइट. एकटा थर ३.९ जीबी! `--fp32` लावलं की ४ बाइट, म्हणजे ७.९ जीबी. आणि थर मोजायला आत जाणारा एक आणि बाहेर येणारा एक, असे दोन एकाच वेळी लागतात. अख्खा फोटो तुमच्या कार्डात बसणं शक्यच नव्हतं.

टाइल लावली की हाच हिशेब फक्त त्या तुकड्यापुरता होतो. ४०० ची टाइल आणि चारही बाजूंनी १० पिक्सेलची पॅडिंग, म्हणजे ४२० चा चौकोन. तो चौपट झाला की १६८०. `fp32` मध्ये एक थर साधारण ७२० एमबी, दोन म्हणजे दीड जीबीच्या जवळ. त्यावर गणितासाठी लागणारी कामाची जागा, खुद्द क्यूडाची जागा, विंडोजचा डेस्कटॉप आणि उघडा ठेवलेला ब्राउझर. ४ जीबी इथेच भरतात. २५६ च्या टाइलला तोच थर ३१० एमबीचा होतो आणि सगळं आरामात बसतं.

तुम्ही हे करून बघा, ब्राउझर बंद ठेवून:

```
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i itwari -o out --tile 256 --fp32
```

काळे फोटो येण्याचं कारण वेगळं आहे. जीटीएक्स १६ मालिकेच्या कार्डांवर पायटॉर्चमध्ये अर्ध्या अचूकतेचं गणित मधेच बिघडतं आणि आकड्यांच्या जागी निरर्थक मूल्यं येतात, त्याचा काळा फोटो बनतो. त्यामुळे तुम्हाला `--fp32` सोडता येणार नाही आणि मेमरी दुप्पट धरूनच चालावं लागेल.

---

फ्लेक्स_इतवारी

ताई, टाइल म्हंजे मोठा फ्लेक्स तुकड्या-तुकड्यात छापून मग जोडते, थेच नं? माह्याकडे कस्टमर व्हॉट्सॲपवरचा फोटो आणते अन् धा बाय सहाचा बॅनर मागते. फोटो फाटते. मले यात किती टाइल ठेवा लागन?

---

पिक्सेलताई

नाही भाऊ, ती छपाईची टाइल वेगळी. इथे संगणक स्वतःच्या सोयीसाठी फोटोचे तुकडे करतो आणि शेवटी स्वतःच जोडतो, बाहेर एकच फाइल येते.

तुमच्या कामाला एवढं जड मॉडेलही नको. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो चौपट केला तर ६४०० होतो. दहा फुटाच्या बॅनरवर ते इंचाला त्रेपन्न पिक्सेल झाले. रस्त्यापलीकडून बघायच्या फ्लेक्सला तेवढे चालतात. तुम्ही `realesr-general-x4v3` वापरा, त्याबद्दल खाली येईलच.

---

नॅरोगेज_नागपूर

पिक्सेलताई, खूप आभार. २५६ वर फोटो सव्वा-दीड मिनिटात होतोय आणि `Shared` चा आलेख जागचा हलत नाही. स्क्रीनवर `Tile 1/35` पासून मोजत जातं तेही कळलं, १६०० भागिले २५६ वर चढवून सात आणि १२०० चे पाच.

पण एक शंका. मेमरी न सांडता ३२० किंवा ३५० बसवलं तर आणखी किती वेळ वाचेल? फोटो शेकड्यांनी असल्याने दहा सेकंद वाचले तरी मला उपयोग आहे.

---

पिक्सेलताई

फार नाही वाचणार. टाइलमुळे जो वेळ वाया जातो तो पॅडिंगचा. प्रत्येक तुकड्याच्या कडेचे १० पिक्सेल मोजले जातात आणि टाकून दिले जातात. १०० च्या टाइलला प्रत्यक्षात १२० चा चौकोन मोजावा लागतो, म्हणजे ४४ टक्के काम जास्त. २०० ला २१ टक्के, २५६ ला १६, ४०० ला १०. म्हणजे १०० वरून २५६ वर आलात तर फरक जाणवतो, आणि त्यापुढे ४०० पर्यंत गेलात तरी हातात पाच-सहा टक्केच येतात. त्यासाठी मेमरीच्या काठावर चालण्यात अर्थ नाही, कारण काठावरून एकदा सांडलं की तिप्पट-चौपट वेळ जातो. उलट ६४ किंवा ३२ वर उतरू नका. ३२ ला तर मूळ कामाच्या अडीचपटीहून जास्त काम होतं.

वेग खरा ठरतो तो मॉडेलवर. `RealESRGAN_x4plus` मध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख पॅरामीटर आहेत आणि मूळ फोटोतल्या जवळजवळ प्रत्येक पिक्सेलसाठी ते सगळे फिरतात. `realesr-general-x4v3` मध्ये सुमारे १२ लाख. गणित साधारण पंधरापट कमी. शिवाय त्याची रचना अशी की सगळे थर मूळ आकारातच चालतात आणि चौपट करण्याचं काम अगदी शेवटच्या पायरीत उरकतं. म्हणून तुमचा १६०० बाय १२०० चा अख्खा फोटो त्यात टाइल न लावताही बसेल, एक थर `fp32` मध्ये ४९० एमबीच्या आसपास जातो.

धरमपेठ, तुमची एक्सई काही सेकंदांत फोटो करते म्हणालात, त्याचंही उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. कमांडमध्ये `-n` देता का?

---

धरमपेठ_पीसी

नाही, नुसतं `-i` आणि `-o`. टाइल ती आपोआप ठरवते, तेच सोयीचं आहे.

---

पिक्सेलताई

टाइल आपोआप ठरते हे बरोबर. कार्डावर १९०० एमबीहून जास्त मेमरी मोकळी दिसली की ती २०० धरते, त्याखाली १००, आणखी खाली ६४ आणि ३२. १६५० ला २०० हा आकडा छान आहे.

पण `-n` दिलं नाही तर ती `realesr-animevideov3` हे मॉडेल उचलते. ते कार्टून व्हिडिओसाठी बनवलेलं आहे, `general` पेक्षाही लहान. वेग त्यामुळे आहे, व्हल्कनमुळे नाही. माणसांचे चेहरे आणि झाडाची पानं १०० टक्क्यांवर उघडून बघा, रंगवल्यासारखी गुळगुळीत दिसतील. फोटोसाठी असं द्या:

```
realesrgan-ncnn-vulkan.exe -i itwari -o out -n realesrgan-x4plus -t 200 -j 1:1:1
```

शेवटचं `-j` मुद्दाम लिहिलं आहे. अख्खा फोल्डर दिला की ती एका वेळी दोन फोटो कार्डावर घेते आणि मेमरी दुप्पट लागते. मधला आकडा १ केला की एकच घेते.

---

धरमपेठ_पीसी

दोन्ही लावून पाहिले. वेळ सव्वा मिनिटावर गेला, म्हणजे वेगाचं तुमचं म्हणणं खरं. पण मला माझ्या मोबाइलच्या फोटोंवर तेच लहान मॉडेल आवडतं, नॉइज एकदम साफ होतो. काळा फोटो मात्र एक्सईवर एकदाही आला नाही, हा मुद्दा माझ्याकडे ठेवा.

---

पिक्सेलताई

ठेवा, तो पक्का आहे. ती आकडे अर्ध्या अचूकतेत साठवते पण गणित पूर्ण अचूकतेत करते, म्हणून १६५० वर बिघडत नाही आणि मेमरीही कमी लागते. नॅरोगेजभाऊंनाही `x4plus` साठी ती चालेल. अडचण एकच, तिच्यात पॅडिंग १० वर बांधलेली आहे, कमांडमधून बदलता येत नाही.

---

हिंगणा_हॉस्टेल

माझ्याकडे कार्डच नाही, लॅपटॉपचं इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आहे. वरचीच कमांड दिली तर स्क्रीन एक क्षण काळी होते आणि `vkQueueSubmit failed -4` येतं. टाइल १०० केली तरी तेच. मेमरी तर रॅममधूनच घेतो ना हा? आठ जीबीतली बरीच मोकळी आहे.

---

पिक्सेलताई

तुझ्याकडे मेमरी संपत नाहीये, वेळ संपतोय. मेमरी कमी पडली असती तर `vkAllocateMemory failed` आणि -२ आलं असतं. -४ म्हणजे कार्डाशी संपर्क तुटला. विंडोज ग्राफिक्सला दिलेलं एक काम दोन सेकंदांत परत आलं नाही तर कार्ड अडकलं असं समजते आणि ड्रायव्हर पुन्हा चालू करते, ती स्क्रीन काळी होते ना, तेव्हाच. संथ चिपला १०० ची टाइल दोन सेकंदांत जमत नाही. `-t 32` ने सुरू कर, चाललं तर ६४. वर ३२ नको म्हटलं ते कार्ड असणाऱ्यांना. तुला दुसरा इलाज नाही. फोटो कापून निम्मा कर आणि रात्रभर लावून ठेव. खोलीत कूलर असेल तर लॅपटॉप त्याच्या झोतासमोर ठेवू नकोस, दमट हवा थेट आत जाते. खाली दोन पुस्तकं देऊन उचलून ठेवलास तरी मे महिन्यात फरक पडतो. उकाड्यात चिप स्वतःचा वेग उतरवते आणि मग तीच टाइल पुन्हा दोन सेकंदांच्या वर जाते.

---

महाल_अभिलेख

माझा प्रश्न थोडा उलटा आहे. आमच्याकडे छापील फोटोंचे स्कॅन आहेत, चार बाय सहा इंचाचे, १२०० डीपीआयवर. कार्ड ६ जीबीचं. पायथॉनमध्ये टाइल २५६ केली, १०० केली, ६४ केली, तरी `CUDA out of memory`. तुकडा इतका लहान असताना मेमरी कशी संपते? आणि एरर आली तरी प्रोग्रॅम थांबत नाही, पुढच्या फोटोवर जातो, त्यामुळे फोल्डरमध्ये मधलेच फोटो गायब असतात.

---

पिक्सेलताई

तुमचा स्कॅन ७२०० बाय ४८०० आहे. टाइल फक्त मॉडेलच्या आतली मेमरी आवरते. पण पायथॉनची ही स्क्रिप्ट जोडलेलं अंतिम चित्र ठेवायला रिकामी जागा सुरुवातीलाच घेते, आणि ती कार्डावरच घेते. चौपट म्हणजे २८,८०० बाय १९,२००, तीन रंग, `fp32` ला ४ बाइट: ६.६ जीबी. पहिली टाइल मोजण्याआधीच तुमचं कार्ड भरलं. टाइल ६४ काय आणि ३२ काय, त्या जागेवर काहीच परिणाम नाही. `--fp32` काढलंत तर ती निम्मी होते, तुमचं कार्ड १६ मालिकेचं नसेल तर तेवढं करून बघा. एक्सई जोडलेलं चित्र रॅममध्ये ठेवते, तिथे हा अडथळा नाही, पण रॅम आणि डिस्क भरपूर हवी.

मात्र माझा सल्ला वेगळा आहे. छापील फोटोत इंचाला तीनशेच्या आसपासच तपशील असतो, त्यावरचं सगळं कागदाचा पोत आणि दाणे. मॉडेल ते दाणे खरे समजून त्यांनाच टोकदार करतं. स्कॅन आधी एक चतुर्थांश करा, १८०० बाय १२००. मग चौपट करा. आकार पुन्हा मूळ स्कॅनएवढाच होईल, पण चित्र स्वच्छ येईल आणि कुठल्याही कार्डावर चालेल. मूळ स्कॅन मात्र जपून ठेवा.

गायब फोटोंसाठी शेवटी दोन्ही फोल्डरांतल्या फाइल मोजायच्या, दुसरा उपाय नाही.

---

महाल_अभिलेख

एक चतुर्थांश करायला मन धजत नाही. आमच्या काही प्रिंट थेट काचेच्या निगेटिव्हवरून कागद टेकवून काढलेल्या आहेत, त्यांत भिंगाखाली बघितलं तर तीनशेच्या वरही बारकावे दिसतात. त्या वेगळ्या काढून निम्म्यावर करून बघेन.

---

पिक्सेलताई

तुमचं बरोबर आहे, तशा प्रिंटना माझा तीनशेचा आकडा लागू नाही. निम्मं केल्यावर काय येतं ते इथे नक्की लिहा.

---

नॅरोगेज_नागपूर

पुन्हा मी. फोल्डर पूर्ण झाला. सावनेरच्या फोटोंत आकाश मोठं आहे आणि तिथे हलके चौकोन दिसतायत. टाइलचे जोड असावेत. `--tile_pad` वाढवावं का?

---

पिक्सेलताई

आधी पट्टी लावून मोजा. चौपट झालेल्या फोटोत टाइलचा जोड २५६ गुणिले ४, म्हणजे दर १०२४ पिक्सेलवरच असू शकतो. जेपेगचा चौकट-नमुना मूळ फोटोत ८ पिक्सेलचा असतो, तो चौपट झाल्यावर दर ३२ पिक्सेलवर दिसतो. आकाशात दोन्ही पहिल्यांदा दिसतात, पण उपाय निराळे आहेत.

---

नॅरोगेज_नागपूर

मोजलं. बहुतेक ठिकाणी ३२ पिक्सेल, म्हणजे जेपेग. एका फोटोत मात्र डावीकडून १०२४ आणि २०४८ वर खरोखर उभी पुसट रेघ आहे, एका बाजूचं आकाश किंचित गडद.

---

पिक्सेलताई

त्या एका फोटोला पॅडिंग ३२ करा. मॉडेल एक पिक्सेल ठरवताना आजूबाजूचं बऱ्याच लांबपर्यंत बघतं, १० पिक्सेलची कड सपाट आकाशाला कधीकधी अपुरी पडते. २५६ ला ३२ ची पॅडिंग म्हणजे ३२० चा चौकोन, थर ४२० एमबीचा, मेमरीत बसेल. वेळ आताच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढेल, म्हणून सगळ्या फोल्डरला लावू नका. पॅडिंग वाढवल्यावर मात्र मोठ्या टाइलचा फायदा खरा होतो: ३२ पॅडिंगला २५६ वर ५६ टक्के काम वाया जातं, ४०० वर ३५.

जेपेगच्या चौकोनांना टाइल किंवा पॅडिंगचा उपयोग नाही. `general` मॉडेल `-dn 1` देऊन बघा, ते असा कचरा जास्त पुसतं.

---

धरमपेठ_पीसी

त्यापेक्षा फोटो आधी ऐंशी टक्के लहान केला तर चौकोन आपोआप विरतात. मी तेच करतो.

---

नॅरोगेज_नागपूर

पॅडिंग ३२ ने १०२४ ची रेघ गेली, २०४८ ची अजून अंधुक दिसतेय, प्रिंटमध्ये उतरेल की नाही सांगता येत नाही.

जेपेगसाठी दोन्ही करून बघितलं. `general` ने आकाश स्वच्छ झालं आणि फोटो सात-आठ सेकंदांत होतो, पण रुळांमधली खडी सपाट झाली. `x4plus` मध्ये खडी सुरेख आहे, पण इतवारीच्या पाटीवरच्या अक्षरांची त्याने काहीतरी नवीनच वळणं केली, वाचताच येत नाहीत. `general` ने ती नुसती धूसर ठेवली, निदान खोटी केली नाहीत. धरमपेठ यांची ऐंशी टक्क्यांची युक्ती चौकोनांना लागू पडली, पाटीला नाही.

आता पाट्या आणि इंजिनांचे नंबर असलेले फोटो वेगळे काढून `general` वर टाकतोय, बाकीचे `x4plus`, टाइल २५६. एकाच फोटोत खडी एकाची आणि पाटी दुसऱ्याची घ्यायची असेल तर दोन्ही आउटपुट थरांत ठेवून मास्क करणं सोडून कोणाकडे काही मार्ग आहे का?